खाली उतरण्याचा नियम

२००६ साली ख्रिस फर्ग्युसन या अमेरिकन पोकरपटूने स्वतःशीच एक पैज लावली. ऑनलाइन खात्यात एक सेंटही भरायचा नाही आणि तिथून दहा हजार डॉलरपर्यंत पोचायचं. फर्ग्युसन नवखा नव्हता. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची २००० सालची मुख्य स्पर्धा जिंकून त्याने पंधरा लाख डॉलर घरी नेले होते. त्याआधी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. लांब केस आणि दाढीमुळे त्याला सगळे ‘जीझस’ म्हणत. अशा माणसाला दहा हजार डॉलर म्हणजे एका संध्याकाळचा खेळ. पण त्याला पैसे नको होते, पैशांची शिस्त किती पुरते ते बघायचं होतं.

सुरुवात फुकट प्रवेशाच्या स्पर्धांपासून झाली. हजारो लोक खेळणार आणि बक्षीस मिळालं तर एखाद-दोन डॉलर. ते हातात पडायचे आणि लगेच संपायचे. पैसे भरून खेळायच्या डावांत टिकून बसायलाच त्याला साधारण सात महिने लागले. पहिले शंभर डॉलर जमल्यावर मात्र दहा हजारांपर्यंतचा रस्ता त्याने सुमारे नऊ महिन्यांत कापला.

या काळात त्याने पाळलेले नियम चार ओळींत मावतात. रोख पैशांच्या टेबलावर बसताना एकूण भांडवलाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम न्यायची नाही. मोठ्या स्पर्धेच्या प्रवेशासाठी २ टक्क्यांपेक्षा जास्त खर्चायचं नाही. अगदी तळाच्या, दोन-अडीच डॉलरांच्या खेळांना सूट, कारण शून्यातून निघालेल्या माणसाला कुठेतरी बसावं लागणारच. आणि टेबलावर जिंकता जिंकता पुढ्यातली रक्कम भांडवलाच्या १० टक्क्यांवर गेली, की ब्लाइंड भरायची पाळी येताच उठायचं.

पाच टक्के म्हणजे विसावा भाग. म्हणजे ज्या टेबलावर बसायचं, तिथे वीसदा बसता येईल एवढे पैसे गाठीला हवेत. पोकरच्या भाषेत याला ‘वीस बाय-इन’ म्हणतात. या विसाच्या मागे काय आहे आणि वीस पुरतात का, यावर पोकर खेळणारे कित्येक वर्षं वाद घालत आले आहेत.

आधी बाय-इन म्हणजे काय ते पाहू. टेक्सास होल्डेम या पोकरच्या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येक डावाआधी दोन खेळाडूंना सक्तीने पैसे टाकावे लागतात. एकाला लहान ब्लाइंड, दुसऱ्याला मोठा. टेबल किती महाग ते या ब्लाइंडांवरून कळतं. गोव्यात मांडवी नदीतल्या एखाद्या कॅसिनो जहाजावर शंभर-दोनशेचं टेबल आहे असं धरू. मोठा ब्लाइंड दोनशे रुपयांचा. रिवाजाप्रमाणे खेळाडू शंभर मोठ्या ब्लाइंडांएवढी रक्कम घेऊन बसतो, म्हणजे वीस हजार रुपये. हा झाला एक बाय-इन. फर्ग्युसनचा नियम लावला तर या टेबलावर बसणाऱ्याकडे फक्त खेळासाठी बाजूला काढलेले चार लाख हवेत. घरभाडं, मुलांची फी, दवाखान्याचा खर्च त्यात धरायचा नाही. या वेगळ्या काढलेल्या रकमेलाच ‘बँकरोल’ म्हणतात.

भांडवल रुपयांत न मोजता बाय-इनमध्ये मोजायचं कारण सोपं आहे. पाच सेंटच्या टेबलावर आणि पाचशे डॉलरच्या टेबलावर पत्ते सारखेच पडतात. नशिबाचा हेलकावा ब्लाइंडांच्या मापात जवळपास तेवढाच राहतो, बदलतं फक्त एका ब्लाइंडाचं मोल. म्हणून ‘माझ्याकडे चार लाख आहेत’ या वाक्यातून खेळाडूला काहीच कळत नाही. ‘माझ्याकडे या टेबलाचे वीस बाय-इन आहेत’ म्हटलं की कळतं.

हेलकावा केवढा असतो ते एका डावात दिसतं. त्याच वीस हजारांच्या टेबलावर एकाच्या हातात दोन एक्के आले, समोरच्याच्या हातात दोन राजे. चढवाचढव होत दोघांनी सगळे पैसे मध्ये ढकलले, मधे चाळीस हजारांचा ढीग. पाच पत्ते उघडायचे बाकी आहेत. एक्केवाल्याने काहीच चूक केलेली नाही. दोन पत्त्यांचा यापेक्षा चांगला हात पोकरमध्ये नाही, आणि राजांविरुद्ध तो शंभरातून सुमारे ८२ वेळा जिंकतो. चौथा पत्ता किलवरचा राजा पडतो. वीस हजार गेले.

हिशोबाने पाहिलं, तर त्या ढिगात एक्केवाल्याचा न्याय्य वाटा ८२ टक्के, म्हणजे ३२ हजार ८०० रुपये होता. वीस हजार घालून जवळपास तेहतीस हजारांचा हक्क मिळवणं म्हणजे उत्तम खेळणं. पण हातात आलं शून्य. असा हात पाच वेळा मिळाला आणि पाचही वेळा पैसे मध्ये गेले, तरी पाचही वेळा जिंकण्याची शक्यता शंभरात ३७ एवढीच. म्हणजे पाचांत निदान एकदा तरी हरणं हेच जास्त संभवतं. आणि हा झाला सगळ्यांत मजबूत हात. बहुतेक मोठे डाव ५५-४५ किंवा ६०-४० अशा फरकाने लढले जातात.

न्याय्य वाटा आणि प्रत्यक्ष पदरी पडलेले पैसे यांच्यातल्या या दरीला खेळाडू ‘व्हेरियन्स’ म्हणतात. ती किती रुंद असते ते मोजता येतं. सहा खेळाडूंच्या ऑनलाइन होल्डेम टेबलावर दर शंभर डावांमागे निकाल साधारण ८० ते १०० मोठ्या ब्लाइंडांनी इकडे-तिकडे हलतो. संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात. आपण मधला ९० हा आकडा धरू. आता चांगल्या खेळाडूची कमाई बघा. लहान टेबलांवर सातत्याने दर शंभर डावांना पाच मोठे ब्लाइंड जिंकणारा माणूस चांगला समजला जातो. म्हणजे मिळकत पाचाची आणि हेलकावा नव्वदाचा. पगार पाच रुपये, पण रोज खिशात कधी नव्वद पडतात, कधी नव्वद जातात, अशी नोकरी म्हणा.

डाव वाढत जातात तशी मिळकत त्याच प्रमाणात वाढते, हेलकावा मात्र डावांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चांगल्या खेळाडूला तारून नेणारी गोष्ट हीच, पण ती फार हळू काम करते. दहा हजार डावांनंतर आपला चांगला खेळाडू सरासरीने पाच बाय-इन पुढे असायला हवा. तरीही तो प्रत्यक्षात तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के असते. एक लाख डावांनंतर ती ४ टक्क्यांवर येते. ऑनलाइन चार टेबलं एकदम उघडून बसणारा लाखभर डाव काही महिन्यांत संपवतो. कॅसिनोतल्या खऱ्या टेबलावर तासाला तीसेक डाव होतात. तिथे लाख डावांना तीन हजारांहून जास्त तास लागतील. दर शनिवार-रविवार गोव्यात जाऊन दहा-दहा तास बसणाऱ्याला त्यासाठी तीन वर्षं पुरणार नाहीत.

म्हणून ‘मी चांगला खेळतो, मग हरतोय का?’ या प्रश्नाला बऱ्याचदा उत्तरच नसतं. अजून पुरेसे डाव झालेले नसतात.

वीस बाय-इनचं गणित इथून सुरू होतं. जिंकणारा खेळाडूसुद्धा नशिबाच्या लांबलचक उतरणीवर सगळं भांडवल गमावू शकतो. ही शक्यता तीन गोष्टींवर ठरते: भांडवल किती, दर शंभर डावांची मिळकत किती आणि हेलकावा किती. बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांच्या २००६ सालच्या ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’ या पुस्तकात हा हिशोब सविस्तर आहे. आपण फक्त उत्तरं बघू. मिळकत पाच, हेलकावा नव्वद आणि गाठीला वीस बाय-इन असतील आणि खेळाडू तेच टेबल धरून बसला, तर कधी ना कधी कफल्लक होण्याची शक्यता साडेआठ टक्के निघते, म्हणजे बारात एक. तीस बाय-इन असतील तर अडीच टक्के. चाळीस असतील तर एक टक्क्याच्याही खाली.

भांडवल दुप्पट केल्यावर धोका निम्मा न होता बारापटीने कमी का झाला? चाळीस बाय-इन बुडवायचे तर वीस बाय-इन बुडण्याचा अपघात एकापाठोपाठ दोनदा घडावा लागतो. बारात एक, आणि त्यानंतर पुन्हा बारात एक. भांडवलाचा प्रत्येक नवा थर धोक्याला असा गुणाकाराने कापत जातो.

पण हीच सुरी उलटीही चालते. मिळकत पाचाऐवजी अडीच धरा, बाकी सगळं तेच ठेवा. आता वीस बाय-इनवर बुडण्याची शक्यता साडेआठवरून थेट २९ टक्क्यांवर जाते. आधीच्याएवढंच सुरक्षित राहायचं तर चाळीस बाय-इन लागतील. मिळकत निम्मी झाली की भांडवल दुप्पट लागतं. मिळकत शून्य किंवा उणे असेल तर कितीही बाय-इन पुरणार नाहीत, फक्त बुडायला वेळ जास्त लागेल. ‘पॉट लिमिट ओमाहा’ या चार पत्त्यांच्या प्रकारात हात एकमेकांच्या फार जवळ असतात आणि हेलकावा साधारण १४० पर्यंत जातो. गणितात हेलकाव्याचा वर्ग येतो, त्यामुळे तिथे त्याच मिळकतीवर जवळपास अडीचपट बाय-इन लागतात. होल्डेमच्या हिशोबाने ओमाहाच्या टेबलावर बसणारे बरेच जण इथेच फसतात.

सगळ्या हिशोबात एक आकडा मात्र कुणालाच नक्की माहीत नसतो, तो म्हणजे आपली खरी मिळकत. पन्नास हजार डाव खेळून कुणाची नोंद दर शंभर डावांना पाच ब्लाइंड दाखवत असेल, तर त्या पाचामागे आठ इकडे-तिकडे एवढी धूसरता असते. खरा आकडा तेरा असू शकतो आणि उणे तीनही असू शकतो. त्यात वरच्या टेबलावर खेळाडू सरस असतात, म्हणजे खालच्या पायरीवर मोजलेली मिळकत वरच्या पायरीवर टिकेल याची खात्री नाही. बाय-इनचा आकडा असा अंदाजावर उभा असतो. अंदाज चुकला तर वाचवणारी एकच गोष्ट उरते, वेळेवर खाली उतरणं.

फर्ग्युसनच्या नियमांची खरी हुशारी इथे आहे. त्याने ‘इतके हरलास तर खाली जा’ असा वेगळा नियम लिहिलाच नाही, तो टक्केवारीत दडलेला आहे. भांडवल हजार डॉलर असेल तर पाच टक्के पन्नास होतात आणि पन्नास डॉलर बाय-इनच्या टेबलावर बसता येतं. भांडवल नऊशे नव्वद झालं की पाच टक्के पन्नासाच्या खाली येतात. त्या क्षणी ते टेबल बंद. पुढचं टेबल पंचवीस डॉलरांचं, आणि तिथे खेळाडूकडे अचानक जवळपास चाळीस बाय-इन असतात. हरत जाल तसं टेबल लहान होतं, तेवढेच डॉलर जास्त डाव पुरतात आणि शून्य दूर दूर सरकतं.

याचं बीजगणित पोकरच्याही आधीचं आहे. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली या संशोधकाने १९५६ साली दाखवलं, की फायद्याची पैज पुन्हा पुन्हा लावायची असेल तर प्रत्येक वेळी सध्या हातात असलेल्या रकमेचा ठरावीक हिस्साच लावावा. त्याचा आदर्श हिस्सा आपल्या चांगल्या खेळाडूला लावला तर सुमारे सोळा बाय-इन निघतात. पण या वेगाने खेळणाऱ्याचं भांडवल कधी तरी निम्म्यावर येण्याची शक्यता बरोबर पन्नास टक्के असते. निम्मा वेग घेतला, म्हणजे बत्तीस बाय-इन बाळगले आणि हिस्सा सतत नव्याने मोजत राहिलं, तर ती शक्यता आठात एकवर येते. तीस बाय-इनचा नियम लोकप्रिय झाला त्यामागे हे गणित बसतं.

कागदावर हे सगळं नीट जुळतं. माणसाचं काय होतं ते बघायला एक उदाहरण घेऊ.

एका खेळाडूकडे पंधराशे डॉलर आहेत. पंचवीस डॉलरांच्या टेबलावर त्याने बराच काळ नेमाने कमावलं, नियमाप्रमाणे पन्नासाच्या टेबलाचे तीस बाय-इन जमले, तो वर गेला. पहिल्या पंधरवड्यात एक्के राजांपुढे पडले, चांगले हात शेवटच्या पत्त्यावर गेले आणि दहा बाय-इन बुडाले. उरले हजार. पन्नासाच्या टेबलाचे वीस बाय-इन, पंचवीसच्या टेबलाचे चाळीस. त्याने स्वतःच आधी लिहून ठेवलंय, वीसवर आलो की खाली.

आता तो काय हिशोब करतो? गेलेत पाचशे डॉलर. ते पंचवीसच्या टेबलावर परत मिळवायचे तर वीस बाय-इन जिंकावे लागतील, म्हणजे दोन हजार मोठे ब्लाइंड. दर शंभर डावांना पाचने चाळीस हजार डाव. चार टेबलांवर तासाला पावणेतीनशे डाव धरले तरी १४५ तास. पंधरा दिवसांत गेलेले पैसे आणायला दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी लागणार. उलट इथेच पन्नासाच्या टेबलावर थांबलो तर? तिथे दहा बाय-इन जिंकले की झालं, वीस हजार डावांत काम होईल.

हा ‘वीस हजार’ पाचाची मिळकत धरून आलेला आहे, आणि चूक तिथेच आहे. पाच ही खालच्या पायरीवरची मिळकत. वरच्या पायरीवर ती अडीच असेल, तर दहा बाय-इनना चाळीसच हजार डाव लागतील. म्हणजे डाव तेवढेच, धोका मात्र वेगळा. वर थांबला तर वीस बाय-इन आणि अडीचची मिळकत, बुडण्याची शक्यता २९ टक्के. खाली गेला तर चाळीस बाय-इन आणि पाचाची मिळकत, बुडण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. वेळ वाचतोय असं वाटत असतं, पण बऱ्याचदा काहीच वाचत नाही.

तरी खाली उतरणं जिवावर येतं. त्यात हिशोबाइतकीच मानापमानाचीही भानगड असते. काल ज्यांच्याबरोबर बसत होतो ते वर आणि आपण पुन्हा पाठच्या वर्गात, हे सोसत नाही. मग पंचवीसच्या टेबलावर बसूनही खेळाडू पन्नासाच्या टेबलाचा राग काढतो. ‘एवढ्याशा पैशांना काय जपायचं’ म्हणत वाट्टेल त्या हातावर पैसे ढकलतो. खालच्या टेबलावर मिळकत घसरण्याचं हे नेहमीचं कारण. ते ओळखायचं तर निकालाकडे पाहून उपयोग नाही, डावांकडे पाहावं लागतं. सगळे पैसे मध्ये गेले तेव्हा आपला न्याय्य वाटा किती होता, तो प्रत्येक मोठ्या डावाचा मांडायचा. वाटा वारंवार साठ-सत्तर टक्के असूनही हरत असाल तर ती व्हेरियन्स. वाटा वारंवार तीस टक्के असेल तर दोष पत्त्यांचा नाही.

वर जाण्याचीही एक सावध रीत आहे, तिला खेळाडू ‘शॉट घेणं’ म्हणतात. समजा पंचवीसच्या टेबलावर तीस बाय-इन, म्हणजे साडेसातशे डॉलर, कायम हवेत असं ठरवलं. भांडवल हजारावर गेलं की वरचे अडीचशे म्हणजे पन्नासाच्या टेबलाचे पाच बाय-इन. तेवढेच घेऊन वर जायचं. ते संपले तर काही न बोलता खाली यायचं. दहा बाय-इन जिंकले तर वरच मुक्काम.

या पाच बाय-इनच्या प्रयोगाचं गणित मांडलं की आश्चर्य वाटतं. वरच्या टेबलावर दर शंभर डावांना पाच ब्लाइंड जिंकू शकणारा, म्हणजे तिथेही चांगला ठरणारा खेळाडूसुद्धा दहा जिंकण्याआधी पाच गमावून बसतो, शंभरातून ४५ वेळा. मिळकत अडीच असेल तर ५६ वेळा. म्हणून एक शॉट फसला तर त्यावरून ‘आपली लायकी नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि यशस्वी झाला तरी लायकी सिद्ध झाली असं म्हणता येत नाही. अडीचवाला ४४ वेळा यशस्वी होतोच. प्रयोगाचा हेतू परीक्षा हा नव्हे. फसण्याची किंमत आधीच ठरवून टाकायची, एवढाच.

स्पर्धांचं गणित आणखी कठोर. रोख टेबलावर दर डावाला थोडं थोडं येतं-जातं. स्पर्धेत बहुतेक जणांना काहीच मिळत नाही आणि बक्षिसाचा मोठा वाटा अगदी वरच्या दोन-चार जागांवर असतो. फर्ग्युसनच्या मोहिमेला खरी गती मिळाली तीही अशीच. एक डॉलरच्या एका स्पर्धेत ६८३ खेळाडूंत तो दुसरा आला आणि त्याला १०४ डॉलर मिळाले. पण असा एक दिवस येईपर्यंत लागोपाठ किती स्पर्धा रिकाम्या हाती संपतील सांगता येत नाही. म्हणून रोख टेबलाला ५ टक्के आणि स्पर्धेला २, म्हणजे पन्नास बाय-इन. मोठ्या संख्येच्या स्पर्धा नेमाने खेळणारे शंभर आणि त्याहून जास्त बाळगतात.

दहा टक्क्यांचा नियम वाचणाऱ्याला सर्वांत विचित्र वाटतो. जिंकत असताना उठायचं? पण टेबलावर जिंकलेले पैसे खिशात ठेवता येत नाहीत, ते पुढ्यातच राहतात. बाय-इन भांडवलाच्या पाच टक्के होता, तो दुप्पट झाला की एका डावात भांडवलाचा दहावा हिस्सा जाऊ शकतो. समोरच्याकडेही तेवढेच पैसे असतील तर नकळत वरच्या पायरीचा खेळ सुरू झालेला असतो. उठून त्याच दराच्या दुसऱ्या टेबलावर बसलं की पायरी पुन्हा खाली येते.

नियमच नसला तर काय होतं, ते डिसेंबर २००९ मध्ये सगळ्या जगाने पडद्यावर पाहिलं. ‘Isildur1’ या नावाने खेळणाऱ्या एका अनोळखी खेळाडूने त्या हिवाळ्यात ऑनलाइन पोकरमधली सर्वांत महाग टेबलं गाजवली होती. मोठा ब्लाइंड हजार डॉलरचा, म्हणजे एक बाय-इन एक लाखाचा. ८ डिसेंबरला ओमाहाच्या टेबलांवर ब्रायन हेस्टिंग्ज या अमेरिकन खेळाडूविरुद्ध एकाच बैठकीत त्याने सुमारे ४२ लाख डॉलर गमावले. वरच्या हिशोबाने ४२ बाय-इन, काही तासांत, आणि तेही चार पत्त्यांच्या प्रकारात, जिथे हेलकावा सर्वांत जास्त. तो खेळाडू व्हिक्टर ब्लोम नावाचा स्वीडिश तरुण होता, हे २०११ च्या सुरुवातीला जाहीर झालं. त्या रात्री तो १९ वर्षांचा होता.

भारतात हे गणित मांडताना आणखी दोन गोष्टी जमेस धराव्या लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पोकरही त्यात आलं. उरली गोव्यासारख्या ठिकाणची परवानाधारक टेबलं, जिथे डाव सावकाश होतात आणि प्रत्येक मोठ्या ढिगातून घरमालकाचा वाटा, म्हणजे रेक, कापला जातो. दुसरी गोष्ट प्राप्तिकर. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यातून तोटा किंवा खर्च वजा करता येत नाही. एखाद्याने वर्षभरात चांगल्या दिवसांत दहा लाख जिंकले आणि वाईट दिवसांत आठ लाख घालवले, तर त्याची कमाई दोन लाख. जिंकलेल्या दहावर कर बसला तर तो तीन लाख. चांगल्या खेळाडूची मिळकत अशी शून्याखाली गेली, की वीस, तीस, चाळीस या सगळ्या आकड्यांचा पायाच निघून जातो.

फर्ग्युसनची मोहीम झाली ते संकेतस्थळ होतं फुल टिल्ट पोकर. त्या कंपनीच्या संचालकांत तो स्वतःही होता. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने कारवाई केली आणि लवकरच उघड झालं, की खेळाडूंच्या खात्यांत दिसणारे पैसे परत द्यायला कंपनीकडे पुरेशी रक्कमच नाही. अमेरिकन खेळाडूंना ते मिळायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०१४ मध्ये. ज्यांनी वर्षानुवर्षं पाच टक्क्यांचा नियम पाळून, वेळच्या वेळी खाली उतरून आपले तीस-चाळीस बाय-इन सांभाळले होते, त्यांचेही सगळे बाय-इन ही तीन वर्षं त्याच एका खात्यात अडकून पडले होते.